एका जेवणाचं एक युनिट: भाकरी-झुणक्यावर बल्ब किती तास?

प्रश्न: निपाणी भागातल्या मराठी शाळेत शिकवतो. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं 'आपल्या जेवणावर बल्ब किती वेळ पेटेल' असा तक्ता करतायत. दोन भाकऱ्या, झुणका, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा, असं जेवण साधारण ८६० कॅलरीचं धरलं. बल्ब ९ वॅटचा. एका मुलाचं उत्तर सात मिनिटं आलं, दुसऱ्याचं १११ तास, तिसऱ्याचं ४०० तास. बरोबर कुणाचं? आणि 'एवढी वीज खरंच मिळेल का?' असं परीक्षकांनी विचारलं तर मुलांनी काय सांगावं?

उत्तर:

सर, १११ तासवाल्याचं बरोबर आहे. पण बाकीच्या दोघांची गणितंही तक्त्याशेजारी लावा असं मी सुचवेन. अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काढली आहेत, आणि नेमक्या याच दोन चुका शिकलेल्या माणसांच्या कागदांवरही मला दिसत आल्या आहेत.

आधी बरोबर गणित. आहारात आपण जिला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी असते, म्हणजे एक किलो पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला लागणारी उष्णता. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. ८६० ला ४.१८४ ने गुणलं की जवळपास ३,६०० किलोज्यूल होतात. आता वॅट-तासाकडे. एक वॅटचं उपकरण एक सेकंद चाललं की एक ज्यूल खर्च होतो. तासात ३,६०० सेकंद, म्हणून एक वॅट-तास म्हणजे ३,६०० ज्यूल, अर्थात ३.६ किलोज्यूल. मग ३,६०० किलोज्यूलला ३.६ ने भागलं की १,००० वॅट-तास. ९ वॅटचा बल्ब त्यावर १,००० भागिले ९, म्हणजे १११ तास चालतो. साडेचार दिवसांहून थोडं जास्तच, रात्रंदिवस.

१,००० वॅट-तास म्हणजे एक किलोवॅट-तास, आणि त्यालाच आपण घरी 'एक युनिट' म्हणतो. हेस्कॉमच्या बिलावर बाकीचा मजकूर कानडीत असला तरी युनिटाचा आकडा आपल्याकडे घरातलं शेंबडं पोरही शोधून काढतं. तुमच्या मुलांनी नकळत फार चांगलं ताट निवडलंय. ८६० किलोकॅलरी म्हणजे बरोबर एक युनिट. राबणाऱ्या माणसाचं एका वेळचं पोटभर जेवण आणि विजेचं एक युनिट ही मापं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत, हे तक्त्याच्या मथळ्यातच यायला हवं. कर्नाटकातल्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेची कमाल मर्यादा महिन्याला २०० युनिट आहे. तीन माणसांच्या घरात प्रत्येकाने रोज दोन वेळा असं जेवण केलं तर महिन्याला १८० जेवणं होतात. त्यात सकाळचा चहा-नाष्टा धरा, म्हणजे ते घर महिन्याला साधारण २०० युनिट खातं. हे वाक्य मुलांना पाठच होईल.

आता सात मिनिटांचं उत्तर कुठून आलं ते बघू. त्या मुलाने ८६० ही साधी, लहान कॅलरी धरली. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातली कॅलरी एक ग्रॅम पाण्याची असते, किलोची नाही. तिच्या हिशेबाने ८६० कॅलरी म्हणजे ३,६०० ज्यूल, म्हणजे फक्त एक वॅट-तास. ९ वॅटचा बल्ब त्यावर एका तासाचा नववा भाग चालतो, पावणेसात मिनिटं होत आली. गुणाकार-भागाकार सगळा बरोबर आणि उत्तर हजार पटीने कमी. ४०० तासवाल्याने किलोज्यूलपर्यंत सगळं नीट केलं, पण ३,६०० किलोज्यूललाच वॅट-तास समजून थेट ९ ने भागलं. ३.६ ने भागायची पायरी गळाली.

तिसरी एक चूक अजून तुमच्याकडे आलेली दिसत नाही, पण येईल, म्हणून आधीच सांगतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे. ज्वारीसमोर १०० ग्रॅमला १,४०० च्या आसपास आकडा दिसतो, आणि मुलं तो कॅलरी म्हणून उचलतात. तो किलोज्यूलचा आकडा आहे, किलोकॅलरीत तो ३३० च्या आसपास येतो. ओळखायची खूण सोपी आहे. शुद्ध तेल किंवा तूप हा ऊर्जेने सर्वांत दाट पदार्थ, आणि १०० ग्रॅमला त्याचा आकडा ९०० किलोकॅलरीच्या वर जात नाही. कुठल्याही धान्यासमोर हजाराच्या वरचा आकडा दिसला तर तो किलोज्यूलचाच असणार.

उत्तर आल्यावर ते शक्य कोटीतलं आहे का हे तपासायलाही मुलांना शिकवा. मोठा माणूस दिवसाला साधारण २,००० ते २,४०० किलोकॅलरी खातो. ती ऊर्जा चोवीस तासांवर पसरली की सुमारे १०० वॅट येते. म्हणजे माणूस दिवसरात्र जुन्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या दराने ऊर्जा वापरत असतो, आणि शेवटी ती बहुतेक सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. मुलांची थोडी कमी धरा. चाळीस मुलांचा वर्ग दारं-खिडक्या लावून बसला की खोलीत जवळपास तीन किलोवॅट उष्णता सुटते, न्हाणीघरातल्या झटपट गिझरइतकी. सात मिनिटांचं उत्तर खरं मानलं तर दिवसभराचं अन्न ९ वॅटचा बल्ब अर्धा तासही चालवणार नाही. मग ३७ अंशांवरचं शरीर दिवसभर उबदार राहतं ते कशावर?

गणित झालं. खरं काम मात्र ताटाचं आहे, कारण ८६० हा आकडा तुम्ही 'धरलेला' आहे आणि परीक्षक तिथेच बोट ठेवतील. मुलांना काट्यावर वजन करायला लावा, आणि वजन कच्च्या मालाचं करायला लावा. हिशेबासाठी एका ग्रॅमला ज्वारीचं पीठ आणि बेसन दोन्ही सुमारे १४ किलोज्यूल, शेंगदाणे सुमारे २२, तेल ३७, आणि कांदा जेमतेम २ धरला तर चालतं.

मी तुमचं ताट असं मांडलं. एका भाकरीला ७० ग्रॅम पीठ, दोन भाकऱ्यांचं १४० ग्रॅम: १,९६० किलोज्यूल. झुणक्याचं बेसन ४० ग्रॅम: ५६०. फोडणीचं तेल आणि चटणीवर घेतलेलं तेल मिळून १५ ग्रॅम: ५५५. चटणीतले शेंगदाणे २० ग्रॅम: ४४०. ५० ग्रॅम कांदा: १००. बेरीज ३,६१५ किलोज्यूल, म्हणजे १,००४ वॅट-तास. तुमचा अंदाज चांगला होता.

या बेरजेत दोन जागा निसरड्या आहेत. पहिली भाकरीचं वजन. तव्यावरून उतरलेली भाकरी काट्यावर ठेवली तर ७० ग्रॅम पिठाची भाकरी १०० ग्रॅमच्या आसपास भरते, कारण पीठ मळताना घातलेलं पाणी सगळं उडून जात नाही. पाण्यात ऊर्जा नसते. त्या १०० ग्रॅमला पिठाचा १४ हा आकडा लावला तर दोन भाकऱ्यांमागे ८४० किलोज्यूल फुकटचे वाढतात, आणि बल्ब कागदावर २६ तास जास्त पेटतो. खानापूरकडची मुलं असा तक्ता भातावर करतील तेव्हा हीच चूक आणखी मोठी होईल, कारण शिजल्यावर तांदळाचं वजन अडीच-तीन पट होतं. म्हणून नियम एकच: तक्त्यातला आकडा कच्च्या पदार्थाचा असेल तर वजनही कच्च्याचंच.

दुसरी जागा तेलाची. तेलाचा अंदाज डोळ्याने जवळजवळ नेहमी चुकतो, आणि तेलातला चुकीचा प्रत्येक ग्रॅम पिठाच्या अडीच ग्रॅमांइतका महाग पडतो. पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर तेल इकडचं तिकडे झालं की बल्ब पाच-सहा तासांनी पुढेमागे होतो. कढईत ओतण्याआधी तेलाचं भांडं काट्यावर ठेवा, ओतून झाल्यावर पुन्हा ठेवा, आणि फरक लिहून घ्या. स्वयंपाक करणाऱ्या आईला किंवा आज्जीला विचारून हे आकडे मिळत नाहीत. त्यांचा हात बरोबरच असतो, पण तो ग्रॅममध्ये बोलत नाही.

एवढी काळजी घेऊनही उत्तर दहा टक्क्यांच्या आत बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. ज्वारीच्या वाणात, पिठाच्या ओलाव्यात, शेंगदाण्याच्या भाजणीत तेवढा फरक असतोच. तक्त्यावर '१११.१ तास' लिहू नका. 'सुमारे ११० तास' लिहा. प्रामाणिक उत्तर तेच आहे.

हे १४ आणि ३७ चे आकडे येतात कुठून, हा प्रश्न चौकस परीक्षक विचारतोच. प्रयोगशाळेत जाड पोलादी डब्यात सुमारे एक ग्रॅम वाळवलेला नमुना ठेवतात, आत ३० वातावरणांच्या दाबाने ऑक्सिजन भरतात, डबा दोनेक लिटर पाण्यात बुडवतात आणि बारीक तारेने नमुना पेटवतात. क्षणात सगळं जळतं, आणि भोवतालचं पाणी किती तापलं यावरून ऊर्जा काढतात. या यंत्राला बॉम्ब कॅलरीमीटर म्हणतात. ते बरोबर चालतंय का हे बेंझोइक आम्लाच्या गोळीवर तपासतात, कारण तिच्या एका ग्रॅममधून २६.४ किलोज्यूल मिळतात हे पक्कं ठाऊक आहे. ज्वारीचं पीठ जाळलं की यंत्रात पाण्याचं तापमान जेमतेम दीड-पावणेदोन अंशांनी वाढतं. एवढ्यावरून सगळा हिशेब करायचा, म्हणून तापमापक अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत वाचणारा लागतो.

पण या यंत्रातून ज्वारीचा आकडा १४ येत नाही, साडेसोळाच्या आसपास येतो. याचं कारण साधं आहे. यंत्र कोंडाही जाळतं. आपलं आतडं तंतुमय भागातून फार थोडी ऊर्जा काढू शकतं. शिवाय प्रथिनांतला नायट्रोजन शरीर जाळत नाही, तो युरियाच्या रूपाने लघवीतून बाहेर टाकतं, आणि जाताना तो थोडी ऊर्जा घेऊन जातो. अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांवर मोजमापं करून ही वजाबाकी बसवली. पाकिटांवर पिष्ट आणि प्रथिनांना ग्रॅममागे ४ आणि स्निग्धाला ९ किलोकॅलरी धरतात ती रीत त्यांच्याच कामातून आली. म्हणून तुमच्या तक्त्याच्या रकान्याला नुसतं 'जेवणातली ऊर्जा' न लिहिता 'शरीराला मिळणारी ऊर्जा' असं लिहा. तीच भाकरी चुलीत घातली तर थोडी जास्त उष्णता देईल.

प्रदर्शनात काहीतरी हलतं-चमकतं दाखवायचं असेल तर विजेचा मीटर वापरा. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो, आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा मीटरच्या तोंडावर छापलेला असतो. समजा तो ३,२०० आहे. बाकी सगळं बंद करून फक्त ९ वॅटचा बल्ब लावला तर दिवा दर १२५ सेकंदांनी एकदा लुकलुकायला हवा. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब लावला तर दर १९ सेकंदांनी. मुलांनी घड्याळ लावून मोजलं की बल्बवर छापलेले वॅट खरे आहेत का हे तिथल्या तिथे कळतं. यात गंमत येते ती 'झिरो' बल्बमध्ये. जुना तारेचा झिरो बल्ब शून्य वॅट खात नाही, तो साधारण १५ वॅट खातो, म्हणजे उजेडाच्या ९ वॅटच्या एलईडीपेक्षाही जास्त. तुमचं एक जेवण म्हणजे या मीटरवर ३,२०० लुकलुकी. मीटरच्या पेटीला हात लावायचा नाही, लांबूनच बघायचं, एवढं मुलांना बजावून ठेवा.

आता दुसरा प्रश्न, वीज खरंच मिळेल का. नाही, एवढी मिळणार नाही, आणि का मिळणार नाही हे सांगता आलं तर तुमच्या मुलांनी बाजी मारली समजा. १११ तास ही दोन ऊर्जांची बरोबरी आहे, रूपांतराचं वचन नाही. अन्नातली ऊर्जा विजेत आणायची तर मधे यंत्र लागतं, मग ते यंत्र माणूस असो की बॉयलर. भाकऱ्या वाळवून भट्टीत जाळल्या आणि वाफेवर वीज केली, तरी कोळशाच्या केंद्राप्रमाणे जवळपास तिसरा हिस्साच विजेत उतरेल.

माणसाच्या वाटेने गेलं तर आणखी कमी. समजा एखादा धडधाकट तरुण स्टँडवर चढवलेली सायकल मारतोय आणि पायडलवर सतत ७५ वॅट देतोय. हे जमण्याजोगं आहे, पण घाम काढणारं आहे. पायडल मारताना स्नायूंची कार्यक्षमता वीस ते पंचवीस टक्के असते. बावीस धरू. म्हणजे पायडलला ७५ वॅट देण्यासाठी शरीर ३४० वॅटच्या दराने अन्न खर्च करतं, बाकीचं घामावाटे आणि उष्णतेवाटे जातं. या दराने १,००० वॅट-तासांचं जेवण तीन तासांत संपतं, आणि पायडलवर पोचतात सुमारे २२० वॅट-तास. पुढे पट्टा, जनित्र आणि बॅटरी मिळून त्यातला साठ टक्के टिकला तर हातात येतात १३० वॅट-तास. ९ वॅटचा बल्ब त्यावर साडेचौदा तास पेटेल.

म्हणजे तक्त्यावर दोन ओळी हव्यात: बरोबरीने सुमारे ११० तास, प्रत्यक्ष सायकल मारून सुमारे १४ तास. मधल्या फरकाचं उत्तर 'वाया गेलं' एवढंच देऊ नका. त्यातला काही भाग हृदय, फुप्फुसं, मेंदू चालू ठेवण्यात जातो. मुलगा सायकलवर बसलाच नाही आणि झोपून राहिला तरीही तो तेरा-चौदा तासांत हे जेवण संपवेल, आणि बल्ब मात्र एक क्षणही पेटणार नाही.

सायकलचा प्रयोग मांडायचाच असेल तर एक अडचण आधीच सांगतो. चाकाला घासून फिरणारा जुना बाटलीसारखा डायनामो ६ व्होल्टचा आणि ३ वॅटचा असतो. त्यावर घरातला २३० व्होल्टचा एलईडी बल्ब लावला तर तो पेटणार नाही, आणि मुलांना वाटेल गणितच चुकलं. त्याच्यावर सायकलचा ६ व्होल्टचा दिवाच लावा. ९ वॅटच्या आसपासचा बल्ब दाखवायचा असेल तर १२ व्होल्टचा एलईडी बल्ब आणि पट्ट्याने जोडलेली छोटी १२ व्होल्टची डीसी मोटर जनित्र म्हणून वापरा, आणि मधे १२ व्होल्टची बॅटरी ठेवा, म्हणजे पाय मंदावले तरी उजेड डचमळणार नाही. मोटर आणि बॅटरीच्या मधे एक डायोड घालायला विसरू नका, नाहीतर मुलगा उतरला की बॅटरी उलट मोटरच फिरवायला लागते.